आम्ल, आम्लारी आणि क्षार : सामू, दर्शकांचे रंग आणि सकारण उत्तरे

इयत्ता नववी, विज्ञान आणि तंत्रज्ञान. कोल्हापूर जिल्ह्यातील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांसाठी सरावाची कृतिपत्रिका, उत्तरांसहित.

सूचना. प्रत्येक उत्तराचे निम्मे गुण कारणासाठी आहेत. दर्शकाचा रंग केवळ एवढेच सांगतो की द्रावणाचा सामू एका ठरावीक मर्यादेच्या अलीकडे आहे की पलीकडे. म्हणून रंग पाहताच 'आम्ल' किंवा 'आम्लारी' असे लिहून मोकळे होऊ नये. आधी स्वतः उत्तर लिहावे आणि मगच खालचे उत्तर वाचावे. सर्व सामू सुमारे 25 अंश सेल्सिअस तापमानाचे आहेत.

| दर्शक | कमी सामूला रंग | जास्त सामूला रंग | रंग बदलण्याची कक्षा |
|---|---|---|---|
| मिथिल ऑरेंज | लाल | पिवळा | 3.1 ते 4.4 |
| लिटमस | लाल | निळा | सुमारे 5 ते 8 |
| फिनॉल्फ्थॅलिन | रंगहीन | गुलाबी | 8.2 ते 10 |
| हळद | पिवळा | तांबडा-तपकिरी | सुमारे 8 च्या आसपास |

प्र. 1. पुढील नमुन्यांत दर्शकांचे रंग कोणते दिसतील ते कारणासह लिहा.

(अ) लिंबाचा रस, सामू 2.3.
उत्तर : निळा लिटमस लाल होईल आणि मिथिल ऑरेंजही लाल दिसेल. सायट्रिक आम्ल सौम्य असले तरी लिंबाच्या रसात त्याचे प्रमाण पुष्कळ असते, त्यामुळे सामू 3.1 च्या खाली जातो.

(आ) ताजे दूध, सामू 6.6.
उत्तर : मिथिल ऑरेंजने पिवळी छटा येईल आणि फिनॉल्फ्थॅलिनने रंग येणार नाही. येथे पुष्कळ विद्यार्थी 'पिवळा रंग आला, म्हणून दूध आम्लारीधर्मी' असे लिहितात, ते चुकीचे आहे. पिवळ्या रंगावरून सामू 4.4 च्या वर आहे एवढेच कळते, 6.6 हा सामू 7 पेक्षा कमी असल्याने दूध किंचित आम्लधर्मी आहे.

(इ) खाण्याच्या सोड्याचे द्रावण, सामू 8.3.
उत्तर : लाल लिटमस निळा होईल, फिनॉल्फ्थॅलिन मात्र अगदी फिकट गुलाबी दिसेल. NaHCO₃ हा तीव्र आम्लारी NaOH आणि सौम्य कार्बोनिक आम्ल यांच्यापासून बनलेला क्षार आहे. त्याचा HCO₃⁻ आयन पाण्याकडून थोडे H⁺ घेतो आणि द्रावणात OH⁻ आयन शिल्लक राहतात.

(ई) चुन्याची निवळी, सामू 12.4.
उत्तर : फिनॉल्फ्थॅलिन गडद गुलाबी होईल आणि हळदीचा कागद तांबडा होईल. चुना पाण्यात फार थोडा विरघळतो, पण जेवढा विरघळतो तेवढ्याचे जवळजवळ पूर्ण विचरण होते.

प्र. 2. 0.1 M हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू 1 आहे, तर 0.1 M ॲसेटिक आम्लाचा 2.9 आहे. संहती सारखी असताना हा फरक का पडतो?

उत्तर : HCl चे पाण्यात पूर्ण विचरण होते, ॲसेटिक आम्लाचे मात्र शंभरात एखाद-दुसऱ्या रेणूचेच होते. सामूचे एक एकक म्हणजे H⁺ च्या संहतीत दहापट फरक, त्यामुळे 1.9 एककांच्या फरकाचा अर्थ पहिल्या द्रावणात H⁺ सुमारे 80 पट आहेत. 'तीव्र' आणि 'संहत' या दोन शब्दांची गल्लत करू नये.

प्र. 3. सामू 5 असलेले हायड्रोक्लोरिक आम्ल हजारपट विरल केले, तर सामू 8 होईल का?

उत्तर : होणार नाही. आम्लात कितीही पाणी घातले तरी ते आम्लारी होत नाही. इतक्या विरल द्रावणात पाण्याचे स्वतःचे H⁺ आयन आम्लापेक्षा जास्त ठरतात, म्हणून सामू 7 च्या किंचित खाली थांबतो.

प्र. 4. करवीर तालुक्यातील एका गुऱ्हाळावर काहिलीतील उसाच्या रसाचा सामू 5.2 होता. गुळव्याने चुन्याची निवळी घातल्यावर तो 6.2 झाला. (क) H⁺ ची संहती किती बदलली? (ख) निवळी का घालतात? (ग) ती जास्त पडली तर काय होईल? (घ) हा बदल मिथिल ऑरेंजने किंवा फिनॉल्फ्थॅलिनने ओळखता येईल का?

उत्तर : (क) सामू एका एककाने वाढला, म्हणून H⁺ ची संहती एक दशांश झाली. (ख) आम्लधर्मी रस तापत राहिला, तर त्यातील सुक्रोजचे विघटन होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात. या शर्करा हवेतील ओलावा धरतात, त्यामुळे ढेप घट्ट बसत नाही आणि गूळ लवकर पाझरतो. निवळीतील OH⁻ आयन रसातील आम्लाचे उदासिनीकरण करून हे विघटन मंदावतात, शिवाय काही अशुद्ध घटक साकळून मळीबरोबर वर येतात आणि काढून टाकता येतात. (ग) आम्लारीधर्मी उष्ण रसात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचे गडद रंगाचे पदार्थ बनतात, म्हणून गूळ काळपट होतो. जाणता गुळव्या निवळी बेताने घालतो, त्यामागे हेच रसायनशास्त्र आहे. (घ) नाही. 5.2 आणि 6.2 या दोन्ही सामूंना मिथिल ऑरेंज पिवळाच आणि फिनॉल्फ्थॅलिन रंगहीनच राहील. येथे कमी कक्षेची सामूपट्टी किंवा सामूमापी वापरावा लागेल.

प्र. 5. शिरोळ तालुक्यातील एका चोपण जमिनीचा सामू 9.1 आढळला. कृषी सहायकांनी जिप्सम टाकून चर काढण्याचा सल्ला दिला. एका विद्यार्थिनीने लिहिले, 'जिप्सम आम्ल असल्याने सामू कमी होतो.' हे विधान तपासा.

उत्तर : विधान चूक आहे. जिप्सम म्हणजे CaSO₄·2H₂O हा क्षार असून त्याचे पाण्यातील द्रावण जवळजवळ उदासीन असते. अशा जमिनीचा सामू सोडिअमच्या कार्बोनेटांमुळे चढलेला असतो, आणि जिप्सम टाकल्यावर पुढील अभिक्रिया होते :

Na₂CO₃ + CaSO₄ → CaCO₃ + Na₂SO₄

CaCO₃ पाण्यात फारसा विरघळत नाही, तर Na₂SO₄ हा उदासीन क्षार सहज विरघळतो. शिवाय मातीच्या कणांना चिकटलेल्या Na⁺ आयनांची जागा Ca²⁺ घेतात, त्यामुळे माती भुसभुशीत होऊन पाणी खाली मुरू लागते. हे विरघळलेले सोडिअम चरातून वाहून गेले नाही, तर ते पुन्हा वर चढते, म्हणून चराशिवाय जिप्समचा उपयोग अपुरा राहतो.

प्र. 6. रश्शाचा पिवळा डाग साबणाने लाल होतो आणि भरपूर पाण्याने धुतल्यावर पुन्हा पिवळा का दिसतो?

उत्तर : साबणाच्या द्रावणाचा सामू 9 ते 10 असतो, म्हणून हळद तांबडी होते. साबण निघून गेला की सामू पाण्याइतका होतो आणि रंग परततो. हा बदल उलटसुलट होणारा असतो, म्हणूनच हळद दर्शक म्हणून वापरता येते.

प्र. 7. 20 मिलिलीटर 0.1 M ॲसेटिक आम्लाचे 0.1 M NaOH ने अनुमापन करायचे आहे. मिथिल ऑरेंज का चालणार नाही?

उत्तर : पूर्ण उदासिनीकरणाच्या वेळी द्रावणात सोडिअम ॲसेटेट हा क्षार असतो आणि त्याच्यामुळे सामू सुमारे 8.7 असतो. मिथिल ऑरेंज 4.4 लाच पूर्ण पिवळा होतो, आणि तोवर NaOH जेमतेम 6 मिलिलीटर पडलेले असते. विद्यार्थी तेथेच थांबला, तर आम्लाचे प्रमाण खऱ्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी निघेल. फिनॉल्फ्थॅलिनची कक्षा 8.2 पासून सुरू होते, म्हणून 20 मिलिलीटरच्या जवळ एका थेंबाने टिकणारी फिकट गुलाबी छटा येताच वाचन घ्यावे.