रिसेप्शनला दोन शब्द

नमस्कार. जेवणं खोळंबवत नाही, दोनच मिनिटं बोलते.

बाबा, मी पुण्याला शिकत होते तेव्हा दर शनिवारी तुम्ही सातारा स्टँडवर स्कूटर घेऊन उभे असायचात. एसटी दोन तास उशिरा आली तरी म्हणायचात, "आत्ताच आलो." मला तेव्हाही ते खरं वाटलं नव्हतं. आई, काल माझ्या बॅगेत तू गुपचूप गोड्या मसाल्याचा डबा ठेवलास, सापडला मला. थँक्यू म्हटलं की तू रागावतेस, पण आज म्हणतेच.

अहो आई, साखरपुड्याला तुम्ही मला सगळ्यात आधी विचारलंत, "चहात आलं चालतं ना?" माझी निम्मी भीती तिथेच गेली. अहो बाबा, गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालायला आता मीही आहे.

तुम्ही सगळे आलात, खूप बरं वाटलं. आता निवांत जेवा.