विषय: शिफारसपत्रासाठी विनंती – अनघा, एम.एस्सी. भूशास्त्र (२०१८–२०)

२४ नोव्हेंबर २०२५

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

मी अनघा, २०१८–२० च्या वर्गातली. पुरंदर तालुक्यातल्या विहिरींवर तुमच्या मार्गदर्शनाखाली प्रबंध केला होता. एवढ्यावरून चेहरा आठवला नाही, तर कठड्याची उंची वजा न करता अकरा विहिरींच्या नोंदी घेऊन आलेली मुलगी म्हटल्यावर नक्की आठवेल.

आधी कामाचं सांगते. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या आयएचई संस्थेत भूजल विषयातल्या एम.एस्सी.साठी मी अर्ज करते आहे. त्यासाठी मला दोन शिफारसपत्रं द्यायची आहेत. त्यातलं एक तुम्ही द्याल का, हे विचारायला लिहिते आहे. अर्ज मी १५ जानेवारी २०२६ पर्यंत पूर्ण करायचा ठरवला आहे, म्हणजे हातात सात आठवडे आहेत. सत्राच्या शेवटी तुमच्यामागे तोंडी परीक्षा आणि पेपर तपासणीची किती धांदल असते ते पाहिलेलं आहे, म्हणून आत्ताच विचारते.

गेल्या तीन वर्षांत मी तुम्हाला एकदाही फोन केला नाही. २०२२ च्या शिक्षकदिनाचा निरोप हा शेवटचा. आणि आता गरज पडल्यावर पत्र. याची लाज वाटते, आणि त्यावर काही सबब सांगत नाही.

दुसरं पत्र माझ्या सध्याच्या कामातले वरिष्ठ देणार आहेत. मी गावात बैठक कशी घेते, आराखडा वेळेवर देते की नाही, हे ते लिहू शकतील. पण हातात आलेल्या आकड्यांवर मी कितपत विश्वास ठेवते, चूक सापडली की काय करते, हे फक्त तुम्हीच जवळून पाहिलं आहे. अर्जातही नेमकं तेच विचारलं जाईल असं मला वाटतं. म्हणून तुम्हाला आठवणीला सोपं जावं यासाठी काही प्रसंग खाली लिहिते. ते तसेच वापरा असं अजिबात नाही. तुम्हाला वेगळं काही आठवत असेल तर ते माझ्या आठवणीपेक्षा खरं असेल.

पहिला प्रसंग अर्थातच कठड्याचा. जानेवारी २०२० मध्ये मी ४२ विहिरींची नोंद करून आणली आणि भूजल पातळीचा नकाशा काढून मोठ्या ऐटीत तुमच्या टेबलावर ठेवला. तुम्ही नकाशाकडे पाहिलंही नाहीत. “पाणी कुठून मोजलंस, कठड्यावरून की जमिनीपासून?” एवढंच विचारलंत. अकरा विहिरींचे कठडे मी धरलेच नव्हते. त्यातले काही कमरेइतके उंच होते. कठड्याची सरासरी उंची धरून दुरुस्ती करू का, असं मी विचारल्यावर तुम्ही काहीच बोलला नाहीत, आणि त्या गप्प बसण्यातून मला उत्तर कळलं. पुढच्या शनिवारी पहाटेची एसटी पकडून सासवडला गेले आणि अकराही विहिरी पुन्हा मोजल्या. पातळी बदललेली असणार म्हणून शेजारच्या चार बरोबर मोजलेल्या विहिरीही पुन्हा घेतल्या. प्रबंधाच्या परिशिष्टात दोन्ही वेळच्या नोंदी तारखांसह दिल्या आहेत, चुकीच्या नोंदीसुद्धा. त्या खोडू नकोस, असं तुम्हीच सांगितलं होतंत.

दुसरा प्रसंग ओढ्याच्या उजव्या काठावरच्या दोन विहिरींचा. दोघींत अंतर जेमतेम साठ मीटर. एक जानेवारीतच तळाला जायची, दुसरी एप्रिलपर्यंत पाणी द्यायची. शेतकरी याला नशीब म्हणत होते आणि मी त्याला मोजणीतली चूक म्हणत होते. कोरड्या विहिरीत दोर धरून उतरल्यावर सात मीटरच्या आसपास तांबड्या बोलचा थर दिसला. त्या विहिरीचं खोदकाम त्या थरावरच थांबलं होतं. दुसरी त्या थरातून पार होऊन खालच्या मांजऱ्या खडकात गेली होती. म्हणजे एकाच शिवारात एकावर एक दोन वेगळे जलधर, आणि मी दोघांच्या पातळ्या एकाच नकाशात जोडून समपातळी रेषा काढत बसले होते! नकाशा फाडून दोन नकाशे केले. त्या दिवशी तुम्ही मला कँटीनमध्ये चहा पाजलात. प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात हे सगळं आहे.

तिसरी गोष्ट टाळेबंदीची. मार्च २०२० च्या शेवटी मी कोरेगावला घरी अडकले तेव्हा सहापैकी चारच उपसा चाचण्या झाल्या होत्या आणि उन्हाळ्यातल्या पातळ्यांच्या नोंदी तर सुरूच व्हायच्या होत्या. विषय बदलून फक्त उपग्रह चित्रांवर काम करायची मुभा तुम्ही दिली होतीत. मी नऊ शेतकऱ्यांना फोन केले. दोरीला दर फुटावर गाठ, टोकाला दगड, दगड ओला होऊन वर आला की कोरड्या गाठी मोजायच्या आणि दर रविवारी मला सांगायचं, असं ठरलं. दोघांनी मध्येच सोडलं, सात जणांनी पाऊस सुरू होईपर्यंत नोंदी दिल्या. एक काका तर गाठ आणि गाठीच्या मधलं अंतर वितीनं सांगायचे. त्यांची वीत किती इंचांची, हे नंतर जाऊन मोजावं लागलं. या नोंदींची अचूकता कमी आहे हे मी स्पष्ट लिहिलं, आणि त्यावरून पातळी किती घटली याचा आकडा न देता फक्त कोणती विहीर कोणाच्या आधी आटली एवढाच निष्कर्ष काढला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी यावर बराच वेळ प्रश्न विचारले होते, ते तुम्हाला आठवत असेल.

आता गुणांचं. तिसऱ्या सत्रात संरचनात्मक भूशास्त्रात मला ४७ गुण आहेत. गुणपत्रिका सोबत आहेच, त्यामुळे ते लपणार नाहीत. त्या सत्रात वडिलांच्या शस्त्रक्रियेमुळे माझी हजेरीही कमी होती, पण त्याचा उल्लेख सहानुभूतीसाठी पत्रात व्हावा अशी माझी इच्छा नाही. तुम्हाला या विषयातली माझी बाजू लंगडी वाटत असेल तर तसं लिहिलंत तरी मला चालेल.

२०२१ पासून मी सोलापूर जिल्ह्यात अटल भूजल योजनेसाठी काम केलेल्या एका संस्थेत आहे. गावाचा जल ताळेबंद मांडणं, पर्जन्यमापक आणि निरीक्षण विहिरींच्या नोंदी घ्यायला गावातल्याच मुलामुलींना शिकवणं, आणि त्यावरून जल सुरक्षा आराखडा करणं हे काम होतं. पहिल्याच प्रशिक्षणात मी त्यांना काय विचारलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. कठडा!

एम.एस्सी. झालेली असताना पुन्हा एम.एस्सी. कशाला, हा प्रश्न तुम्ही विचारालच. ताळेबंद करताना आम्ही पूर्ण गावाला एकच विशिष्ट उत्पन्नाचा आकडा लावतो. पुरंदरच्या त्या दोन विहिरी पाहिल्यावर मला ते करताना दर वेळी हात आखडतो. मॉडफ्लोसारखी साधनं मी स्वतःची स्वतः थोडी शिकले, पण ती मुळात सच्छिद्र माध्यमासाठी आहेत. आपल्या बेसॉल्टमधल्या सांध्या-भेगांमधून वाहणारं पाणी त्यात कधी बसवता येतं आणि कधी ते बसवणं म्हणजे स्वतःची फसवणूक, हे ठरवण्याइतकं गणित माझ्याकडे नाही. ते शिकायचं आहे. खडकाचा तुकडाही सापडायची मारामार अशा वाळू-चिकणमातीच्या देशात दख्खनचा खडक समजून घ्यायला निघाले आहे, यावर तुम्ही हसणार हे माहीत आहे. परत येऊन याच भागात काम करायचं आहे, आणि अर्जातही तसंच लिहिलं आहे.

सोबत पाच गोष्टी जोडल्या आहेत: माझी माहिती दोन पानांत, उद्देशपत्राचा कच्चा मसुदा, चारही सत्रांच्या गुणपत्रिका, प्रबंधाची पीडीएफ आणि अभ्यासक्रमाच्या माहितीचं पान. वेळ नसेल तर फक्त उद्देशपत्र आणि प्रबंधाचं चौथं प्रकरण पाहिलंत तरी पुरे. पत्र इंग्रजीत, विभागाच्या लेटरहेडवर, तारीख आणि सहीसह हवं. एक-दीड पान पुरेल. तुम्ही मला किती काळ आणि कोणत्या नात्यानं ओळखता, हे सुरुवातीला यावं. मी तुमच्याकडे भूजलशास्त्राचे दोन पेपर आणि प्रबंध केला, जुलै २०१९ ते ऑक्टोबर २०२०. पत्र मला न दाखवता परस्पर पाठवायचं असेल तर तेच मला अधिक आवडेल. तुमचा होकार आला की कोणत्या पत्त्यावर आणि कसं पाठवायचं ते एका वेगळ्या मेलमध्ये कळवीन, म्हणजे शोधाशोध करावी लागणार नाही.

एक गोष्ट जरा संकोचानं लिहिते. “तूच लिहून आण, मी सही करते” ही पद्धत सगळीकडे आहे, आणि तुमच्या कामाचा व्याप पाहता तुम्ही तसं म्हणालात तर मी समजू शकते. पण शक्य असेल तर शब्द तुमचेच असावेत अशी विनंती आहे. मी स्वतःबद्दल लिहिलं तर एकतर फुगवून लिहीन किंवा उगाच लाजून. तुम्ही लिहिलेल्या चार ओळीही मला पुरेशा आहेत. आणखी काही तपशील, तारखा, आकडे हवे असतील तर सांगाल त्या दिवशी पाठवते.

आणि मॅडम, वेळ नसेल, किंवा इतक्या वर्षांनी माझ्याबद्दल खात्रीनं लिहिण्यासारखं काही नाही असं वाटत असेल, तर मोकळेपणानं नाही म्हणा. कारण सांगायचीही गरज नाही. ५ डिसेंबरपर्यंत हो किंवा नाही एवढं कळलं तरी मला पुढची सोय करता येईल. तोपर्यंत मी फोन करून त्रास देणार नाही. होकार दिलात तर १ जानेवारीला एकदा आठवण करून देईन, तेवढी परवानगी असावी.

१३ आणि १४ डिसेंबरला मी पुण्यात आहे. तुम्हाला सोयीचं असेल तर विभागात किंवा घरी, म्हणाल तिथे येऊन भेटेन. पत्राचं काहीही ठरलं तरी भेटायचं आहेच. सोलापूरच्या एका विहिरीतून काढलेला, पोकळ्यांत झिओलाइट भरलेला मांजऱ्याचा छान नमुना तुमच्या कपाटासाठी ठेवला आहे.

माझा फोन नंबर जुनाच आहे.

आपली विद्यार्थिनी,
अनघा
एम.एस्सी. भूशास्त्र, २०१८–२०

ता. क. : प्रबंधाची पीडीएफ मोठी आहे. उघडायला अडचण आली तर चौथं प्रकरण वेगळं काढून पाठवते.