सहा मण्यांची माळ

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. जीवशास्त्राच्या पेपरला दोन दिवस उरले होते आणि एकच ओळ मी चौथ्यांदा वाचत होते. डोळे चुरचुरत होते. तेवढ्यात चिनू उशी घेऊन शेजारी येऊन बसला.

"ताई, झाड जेवण कसं बनवतं?"

"उद्या सांगते."

"उद्याच चाचणी आहे."

मी पुस्तक मिटलं. त्याच्या वहीत 6CO₂ + 6H₂O → C₆H₁₂O₆ + 6O₂ लिहिलं होतं आणि खाली तीनदा गिरवलेलं प्रश्नचिन्ह.

"हे बघ, पानात हिरवे छोटे कारखाने असतात, हरितलवकं. त्यांतल्या हरितद्रव्यावर ऊन पडलं की चार्जिंग सुरू. मुळांनी वर पाठवलेलं पाणी तिथे फुटतं. त्यातला ऑक्सिजन बाहेर सुटतो आणि बाकीच्यातून बॅटऱ्या भरल्या जातात."

"म्हणजे ऑक्सिजन पाण्यातून येतो? मला वाटलं, कार्बन डायऑक्साइडमधून."

"सगळ्यांना तसंच वाटतं. म्हणून हेच आधी लक्षात ठेव."

आईच्या डब्यातले मणी मी पलंगावर ओतले. "आता माळ. पानाच्या बारीक छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो. त्यातला कार्बन म्हणजे हा मणी. एका फेरीत एकच मणी ओवायचा आणि त्यासाठी भरलेल्या बॅटऱ्या खर्चायच्या: 3 एटीपी, 2 एनएडीपीएच. तुला ही नावं नकोत, ती माझ्या पेपरची आहेत. सहा फेऱ्या, सहा मणी, एक ग्लुकोज."

त्याने खरंच सहा मणी दोऱ्यात ओवले, जीभ दातांत धरून. मग गाणं बसवलं:

"पाणी फुटलं, ऑक्सिजन सुटला,
मणी गुंफला, गोडवा साठला!"

दुसरी ओळ त्याचीच होती.

"ताई, मग रात्री माळ होते का? हिला ऊन कुठे लागतं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थबकले. माझ्या वहीत या टप्प्याचं नाव होतं 'अंधारातील अभिक्रिया'. दोन वर्षं मी ती रात्रीच होते असं समजत होते. सराव परीक्षेत तसंच लिहिलं आणि गुण गेले. चूक कुठे झाली ते आज मण्यांकडे बघताना कळलं.

"होत नाही," मी सावकाश म्हणाले. "माळेला थेट ऊन नको, पण बॅटऱ्या उन्हातच भरतात. त्या संपल्या की बहुतेक झाडांत ओवणंही थांबतं. रात्री झाड फक्त श्वास घेतं आणि साठवलेलं वापरतं."

मी वहीतलं ते नाव खोडलं आणि लिहिलं: 'प्रकाशावर थेट अवलंबून नसलेली.' मग क्षणभर डोळे मिटले.

जाग आली तेव्हा अंगावर पांघरूण होतं आणि दिवा विझलेला. अंधारात चिनूची कुजबूज ऐकू आली, "ऊन गेलं. आता माळ बंद, ताई."

माझ्या उशीजवळ सहा मणी होते, गाठ मारलेले.