पेंटेन, ईथर आणि ब्युटेनॉल: उत्कलनांकांचा क्रम कसा लावावा

(बारावी विज्ञान, सेंद्रिय रसायन, सराव चाचणी, संध्याकाळचा वर्ग, नौपाडा, ठाणे. नमुना उत्तर)

प्रश्न: एन-पेंटेन, 2-मिथिलब्युटेन, 2,2-डायमिथिलप्रोपेन, इथॉक्सिइथेन, ब्युटेन-1-ऑल आणि 2-मिथिलप्रोपेन-2-ऑल ही संयुगे उत्कलनांकाच्या चढत्या क्रमाने लिहा व कारणे द्या. (गुण 4)

उत्तर: चढता क्रम असा आहे: 2,2-डायमिथिलप्रोपेन (9.5 °C), 2-मिथिलब्युटेन (27.8 °C), इथॉक्सिइथेन (34.6 °C), एन-पेंटेन (36.1 °C), 2-मिथिलप्रोपेन-2-ऑल (82.4 °C), ब्युटेन-1-ऑल (117.7 °C).

पहिल्या तीन अल्केनांचे सूत्र C5H12 म्हणजे रेणुवस्तुमान 72 आहे आणि उरलेल्या तिघांचे सूत्र C4H10O म्हणजे रेणुवस्तुमान 74 आहे. वस्तुमान जवळजवळ सारखे असल्यामुळे उत्कलनांकांतील सुमारे 108 अंशांचा फरक वस्तुमानाने समजावता येत नाही. तो रेणू एकमेकांना किती घट्ट धरून ठेवतात यावरून ठरतो.

अल्केनांमध्ये रेणूंना एकत्र ठेवणारे बल केवळ व्हॅन डर वाल्स बल असते आणि ते रेणूंचे पृष्ठभाग जिथे एकमेकांजवळ येतात तिथेच प्रभावी ठरते. एन-पेंटेनचा सरळ, लांबट रेणू शेजारच्या रेणूला सबंध लांबीभर टेकू शकतो. 2,2-डायमिथिलप्रोपेनमध्ये चार मिथिल गट एकाच कार्बनभोवती बसल्याने रेणू चेंडूसारखा गोल होतो, त्याचे पृष्ठफळ घटते आणि दोन गोल रेणू थोड्याशाच जागेत एकमेकांना स्पर्श करतात. त्यामुळे अणू तेच आणि तितकेच असूनही उत्कलनांक जवळजवळ 27 अंशांनी उतरतो. हा फरक आपल्या हवेतही दिसेल: 2-मिथिलब्युटेन ठाण्यात जानेवारीच्या पहाटे द्रवरूपात राहील, पण मे महिन्यातील दुपारी उघड्या भांड्यात ते उकळू लागेल, आणि 2,2-डायमिथिलप्रोपेन तर त्या पहाटेही वायूच असेल.

इथॉक्सिइथेनविषयी उत्तर लिहिताना सर्वाधिक गुण जातात, म्हणून येथे थोडे थांबावे. "ईथरमध्ये ऑक्सिजन आहे, म्हणून हायड्रोजन बंध आहे" हे विधान चूक आहे. हायड्रोजन बंधासाठी एका रेणूत ऑक्सिजनसारख्या अतिशय विद्युतऋण अणूला थेट जोडलेला हायड्रोजन लागतो आणि दुसऱ्या रेणूत तो स्वीकारणारी एकाकी इलेक्ट्रॉन जोडी लागते. ईथरच्या ऑक्सिजनवर एकाकी जोड्या आहेत, परंतु त्याचे सर्व हायड्रोजन कार्बनला जोडलेले आहेत; म्हणजे तो बंध स्वीकारू शकतो, देऊ शकत नाही, आणि ईथरचे रेणू परस्परांत हायड्रोजन बंध करू शकत नाहीत. पाणी मात्र हायड्रोजन देऊ शकते, म्हणूनच इथॉक्सिइथेन पाण्यात जवळपास ब्युटेन-1-ऑलइतकेच विरघळते. रचनेकडे पाहिले तर पेंटेनच्या मधल्या CH2 च्या जागी O ठेवला की इथॉक्सिइथेन मिळते. साखळीची लांबी साधारण तीच राहते. C–O बंधांच्या ध्रुवीयतेमुळे आकर्षण थोडे वाढते, पण CH2 पेक्षा ऑक्सिजनचे ध्रुवीकरण कमी होत असल्याने व्हॅन डर वाल्स आकर्षण थोडे घटते, आणि अखेर दोन्ही उत्कलनांकांत दीड अंशाचाच फरक उरतो.

आता पेंटेनच्या टोकाच्या CH3 च्या जागी OH ठेवावा: ब्युटेन-1-ऑल मिळते आणि उत्कलनांक 81.6 अंशांनी चढतो. OH मधील हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो, असे बंध एकापुढे एक जोडले जातात आणि द्रव उकळण्यासाठी हे जाळे तोडण्याची ऊर्जा द्यावी लागते. हाच बदल 2,2-डायमिथिलप्रोपेनमध्ये केला, तर 2-मिथिलप्रोपेन-2-ऑल मिळते आणि वाढ 72.9 अंशांची होते. म्हणजे शाखा असो वा नसो, हायड्रोजन बंधाचा परिणाम 70 ते 80 अंशांच्या घरात आहे, तर शाखा वाढल्याने होणारी घट पेंटेनांत सुमारे 27 आणि ब्युटेनॉलांत सुमारे 35 अंश आहे. ब्युटेनॉलांत घट अधिक असण्याचे एक कारण असे की तीन मिथिल गटांच्या गर्दीत OH पर्यंत शेजारच्या रेणूला पोहोचणे अवघड जाते. तरीही सर्वांत गोल अल्कोहोल सर्वांत लांब अल्केनपेक्षा 46 अंशांनी वरच राहते. म्हणून क्रम लावताना प्रथम हायड्रोजन बंध पाहावा, नंतर पृष्ठफळ.

कार्बन साखळी लांबत गेली की हे अंतर कमी होते: प्रोपेन आणि इथेनॉल यांच्यात ते सुमारे 120 अंश आहे, तर हेप्टेन आणि हेक्सेन-1-ऑल यांच्यात सुमारे 59 अंश, कारण OH एकच राहतो आणि रेणूचे पृष्ठफळ मात्र वाढत जाते.