फ्रिजवरचं वायफाय कार्ड (दोन्ही बाजू)

पुढची बाजू: पाहुण्यांसाठी

या, बसा, नेट हवंय ना? हे घ्या.

```
नाव      : Gachchi-Pahune
पासवर्ड  : pohe-khaun-ja-48
```

सगळी अक्षरं छोटी, मध्ये स्पेस नाही, डॅश तीन. किंवा खालच्या चौकोनावर कॅमेरा धरा, आपोआप जोडलं जाईल. बेडरूममध्ये रेंज कमी येते, हॉलमध्ये बसा, तिथे पंखाही चांगला आहे.

यादीत Gachchi-Ghar पण दिसेल, तो घरच्यांचा आहे, त्याचा पासवर्ड मागू नका, आईला नाही म्हणता येत नाही.

मागची बाजू: फक्त आपल्यासाठी

आई, बाबा, आजी, ताई आणि ताईची पोरं, एकदा नीट वाचा मग कार्ड परत पालथं लावा.

आधी हे सगळं का केलं ते. आपला जुना पासवर्ड म्हणजे बाबांचा मोबाइल नंबर होता आणि नेटवर्कचं नाव आडनाव आणि फ्लॅट नंबर. म्हणजे जिन्यात उभं राहून कोणालाही कळायचं की हे कोणाचं घर आणि बाबांचा नंबर तर अर्ध्या डोंबिवलीकडे आहे. रोज रात्री ८ ला नेट रडायचं आणि बाबा टीव्हीला शिव्या घालायचे, मी राउटरमध्ये शिरून बघितलं तर १९ डिव्हाइस जोडलेले, आपले मोजून ७. कोणाचं नाव घेत नाही, आपणच कधीतरी दिलेला असणार.

म्हणून आता नेटवर्क दोन. Gachchi-Pahune वरून फक्त इंटरनेट चालतं, तिथून आपला प्रिंटर, टीव्ही, बाबांचा कॉम्प्युटर काही दिसत नाही. म्हणून तो पासवर्ड पुढे उघडा लिहिलाय, कोणी फोटो काढला तरी चालेल. गौरी-गणपती झाले की तो बदलेन आणि वर नवीन चिठ्ठी चिकटवेन. चौकोन पुसट झाला तर ताईच्या पोरांनी ही ओळ जशीच्या तशी टाकून नवा बनवायचा:

```
WIFI:T:WPA;S:Gachchi-Pahune;P:pohe-khaun-ja-48;;
```

बघा, चौकोनात पासवर्ड असा उघडाच असतो, लपलेला वगैरे काही नसतो. म्हणून घरच्या नेटवर्कचा चौकोन छापून कुठेही लावायचा नाही, आणि तो कुठल्या वेबसाइटवर बनवायचाही नाही.

आता Gachchi-Ghar. त्याचा पासवर्ड इथे पूर्ण लिहिलेला नाही, पाच तुकडे आहेत, त्यातले दोन लिहिलेत आणि तीन तुमच्या डोक्यात आहेत:

पहिला तुकडा `jaswand`
दुसरा, गावच्या लाल गाईचं नाव, आजी गोठ्यातून हाक मारायची तसं
तिसरा `tapeli`
चौथा, ताई लहानपणी आजोबांच्या रेडिओला काय म्हणायची तो शब्द
पाचवा, परसातल्या विहिरीच्या पायऱ्या किती, आकड्यात

प्रत्येक तुकड्याच्या मध्ये एक डॅश. डॅश सापडत नाही म्हणून आजी फोन करते, तर आजी, कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात खाली ?123 लिहिलंय ते दाब, मग आडवी रेघ दिसेल. खाली टेकलेली रेघ नाही, मधली.

स्पेलिंगवरून भांडण होणार हे मला माहितीये, मागच्या वेळी आईने एक लिहिलं, ताईने दुसरं आणि दोघी म्हणे माझंच बरोबर. तर नियम असा: सगळं छोट्या अक्षरात, आ असो की अ एकच a, इ-ई दोन्हीला एकच i, उ-ऊ दोन्हीला एकच u, ळ ला l, कुठेही डबल अक्षर नाही. `jaswand` मधला व मात्र w, तो छापलाय तसाच.

बाबा, तुमच्या स्कूटरचा किस्सा यात मुद्दाम घेतला नाही, कारण तो तुम्ही दूधवाल्यालाही सांगता. गाय, रेडिओ आणि विहीर ह्या तीन गोष्टी पाहुण्यांसमोर निघाल्या तर विषय बदला, आणि कार्ड चुकून उलटं होऊन ही बाजू दिसली तरी फार काही बिघडत नाही. ही काही बँकेची तिजोरी नाही, पक्का चोर मनात आणलं तर पायऱ्यांचा आकडा मोजत बसेल, पण शेजारी, डिलिव्हरीवाले आणि फ्रिजसमोर सेल्फी काढणारी मावशी एवढ्यांना पुरेसं आहे.

एकदम विसरलात तर पूर्ण पासवर्ड बाबांच्या अक्षरात रेशनकार्डाच्या पिशवीत बंद पाकिटात आहे. ताईकडे आधीच जोडलेला फोन असेल तर सेटिंगमध्ये शेअर दाबलं की चौकोन दिसतो, समोरच्याने स्कॅन करायचा, झालं. फॅमिली ग्रुपवर टाकायचा नाही, त्या ग्रुपमध्ये ४३ जण आहेत आणि त्यातले ११ कोण ते मलाही माहीत नाही. फोनवर बोलून सांगा.

काय कशाला जोडायचं: आपले फोन, टीव्ही, प्रिंटर सगळे Gachchi-Ghar वर. टीव्ही पाहुण्यांच्या नेटवर्कवर टाकला तर फोनमधले फोटो त्याच्यावर दिसत नाहीत, बाबांनी एकदा तसं केलं आणि दोन तास टीव्ही बिघडला म्हणत होते. घरकाम करणाऱ्या मावशींच्या मुलाला, केबल दुरुस्त करायला आलेल्याला, वरच्या मजल्यावरच्या काकांना, सगळ्यांना पुढची बाजू. लाजायचं नाही, पुढची बाजू म्हणजे पण नेटच आहे.

कंपनीतून बोलतोय म्हणून कोणी पासवर्ड किंवा ओटीपी मागितला तर फोन कट करा, उद्धट वाटलं तरी चालेल.

लाइट जाऊन आल्यावर राउटरला तीन मिनिटं द्या. मागच्या बारीक भोकात पिन घालायची नाही, आजी हे तुला, त्याने सगळं पुसलं जाऊन राउटर दुकानातून आणल्यासारखा होतो आणि मला बंगळुरूहून परत सगळं फोनवर सांगावं लागतं. LOS लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर पासवर्डचा काही दोष नाही, फायबर तुटलीय, कंपनीला फोन, ग्राहक नंबर डायरीच्या पहिल्या पानावर. राउटरखालच्या स्टिकरवरचे पासवर्ड आता चालत नाहीत, मी सगळे बदललेत, राउटरमध्ये शिरायचा वेगळा आहे तोही पाकिटात आहे.

अडलं तर मला रात्री ९ नंतर फोन करा, त्याआधी मी ऑफिसात असते. आणि हे कार्ड आंब्याच्या मॅग्नेटखालीच ठेवा, गोव्याहून आणलेलं ढिलं आहे, मागचं कार्ड त्याच्यामुळेच पडलं आणि रद्दीत गेलं.