कारभार सोपवताना

जमलेल्या सगळ्या वडीलधाऱ्यांना, आयाबायांना आणि पारावर पाय सोडून बसलेल्या पोरांना रामराम.

माईक जरा खाली घ्या रे. पाच वर्षं झाली, अजून हा माईक पुरुषाच्याच उंचीचा आहे.

फेब्रुवारी 2021 मध्ये तुम्ही निवडून दिलेल्या सदस्यांनी मला सरपंच केलं. निवडणूक आधी झाली, आरक्षणाची सोडत नंतर निघाली. चिठ्ठी 'महिला' निघाली म्हणून मी खुर्चीवर आले. हे मी विसरले नाही, आणि काही जणांनी मला विसरूही दिलं नाही. पहिले सहा महिने कार्यालयात येणारा माणूस मला नमस्कार करायचा आणि बोलायचा आमच्या मालकांशी. दारावरच्या पाटीवर नाव माझं आणि फोन नंबर त्यांचा. एका दिवशी मीच डबा-ब्रश घेऊन तो नंबर पुसला. मालक दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, 'बरं झालं, रात्री-अपरात्रीचे फोन थांबले.'

खुर्चीवर बसले आणि दोन महिन्यांत कोरोनाची दुसरी लाट आली. शाळेच्या तीन खोल्यांत विलगीकरण कक्ष केला. आशाताई आणि अंगणवाडीताईंनी घर न् घर पालथं घातलं. तेव्हा गावातली सात माणसं गेली. त्यांच्या घरी मी नीट बसायलासुद्धा जाऊ शकले नाही, ती रुखरुख अजून आहे.

आता पैशांचं. वित्त आयोगाचा निधी थेट खात्यात येतो, पण खर्च करायला सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांची डिजिटल सही लागते. ती सही म्हणजे पेनड्राइव्हएवढं डोंगल. एक ठेकेदार पहिल्याच भेटीत म्हणाला, 'वहिनी, डोंगल आमच्याकडं ठेवा, तुम्हाला हेलपाटे नकोत.' मी ते घरी नेलं आणि मिसळणाच्या डब्यात, मोहरीच्या वाटीत ठेवलं. पाच वर्षं ते तिथंच होतं. बिल काढायचं असलं की आधी जाऊन काम बघायचं, मग डबा उघडायचा. त्यामुळं दोन गटारांची बिलं चार महिने अडली आणि माझ्याविरुद्ध तक्रारी वरपर्यंत गेल्या. गटारं मात्र अजून शाबूत आहेत, बघून घ्या.

सगळं जमलं असं मी म्हणणार नाही. जलजीवनची टाकी उभी राहिली, घरोघर नळ आले. माणशी 55 लिटरचा हिशेब धरला तर आपल्या 1,840 माणसांना रोज लाखभर लिटर पाणी लागतं. विहीर मार्चपर्यंत तेवढं देते, पुढं नाही. आणि वरच्या वस्तीला तर पावसाळ्यातही पाणी चढत नाही, कारण टाकीची जागा ठरवताना आम्ही उतार बघितला नाही, फुकट मिळणारी जागा बघितली. ती चूक माझी. वस्तीवरच्या बायका आजही हंडा घेऊन खाली येतात. मागच्या महिन्यात त्यातली एक मला म्हणाली, 'सरपंचबाई, नळाला निदान वाळत तरी घालता येतं.' तिच्या चोळ्या तोटीवर वाळत होत्या. मी हसले, पण रात्री झोप लागली नाही.

2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं विधवा प्रथाबंदीचा ठराव केला, तेव्हा आपल्या महिला सभेतही तो विषय आला. ग्रामसभेत गोंधळ झाला, दोन जण उठून गेले, तरी ठराव झाला. ठरावानं सगळं बदललं का? नाही. पण यंदाच्या हळदीकुंकवाला माझी थोरली जाऊ पहिल्या रांगेत बसली होती. बारा वर्षांनी तिनं हातभर हिरव्या बांगड्या भरल्या. मला एवढं पुरलं.

घरपट्टी-पाणीपट्टीवरून मी तुम्हाला लई बोलले. थकबाकीची यादी फलकावर लावली, त्यात आमच्या दिराचंही नाव होतं. कुणाचं मन दुखलं असेल तर माफी मागते, पण यादी लावली त्याची माफी मागत नाही.

शिपायाला, पाणी सोडणाऱ्या दादांना आणि माझ्या आठ सदस्यांना, त्यात दर बैठकीत विरोधात हात वर करणारे तिघेही आले, मनापासून धन्यवाद. त्या तिघांमुळं मी कायद्याचं पुस्तक वाचायला शिकले.

उद्या सकाळी 11 वाजता कार्यालयात प्रशासकांकडे चार्ज देणार आहे. रोकडवही, नमुना 8 आणि 9 च्या नोंदवह्या, ठराववही, सगळं टेबलावर असेल. ज्याला बघायचंय त्यानं यावं. वरच्या वस्तीसाठी वेगळ्या टाकीचा प्रस्ताव निळ्या फाइलीत आहे, त्याच्या तीन प्रती काढल्यात. एक दप्तरात, एक पंचायत समितीत, आणि एक मी वस्तीवरच्या बायकांकडं दिलीय. पुढचा सरपंच कुणीही होवो, त्या ती घेऊन येतीलच.

चहा ठेवलाय. घेतल्याशिवाय कुणी जाऊ नका.