3 केव्हीए ट्रान्सफॉर्मर: ओसी-एससी टेस्टपासून रेग्युलेशनपर्यंत एक सोडवलेलं उदाहरण

लॅबमधल्या सिंगल फेज ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटवर आहे: 3 केव्हीए, 230/115 व्होल्ट, 50 हर्ट्झ. दोन्ही टेस्टची रीडिंग्ज अशी:

```
OC (एलव्ही बाजूला, एचव्ही उघडी):  115 V,  1.1 A, 40 W
SC (एचव्ही बाजूला, एलव्ही शॉर्ट): 10.2 V, 13 A,  82 W
```

काढायचं आहे: एचव्ही बाजूला आणलेला समतुल्य परिपथ, आणि 0.8 लॅगिंग पॉवर फॅक्टरला पाऊण लोडवर, लोडच्या टोकांशी 115 व्होल्ट असताना, कार्यक्षमता व रेग्युलेशन.

आकडेमोडीआधी रीडिंगांबद्दल थोडं. ओसी टेस्टला लो पॉवर फॅक्टर वॉटमीटर लावला होता: 150 V, 2.5 A, 0.2 पॉवर फॅक्टर, स्केल 150 भागांचं. म्हणजे गुणांक 150 × 2.5 × 0.2 / 150 = 0.5. काटा 80 वर होता, म्हणून 40 वॉट. जर्नलमध्ये थेट 80 लिहून मोकळी होणारी मुलं दर बॅचला सापडतात.

एससी टेस्टचं रीडिंग आम्हाला दोनदा घ्यावं लागलं. पहिल्यांदा 13 अँपिअरला 10.9 व्होल्ट आणि 96 वॉट आले. एलव्ही शॉर्ट करायला एका मुलाने ब्रेडबोर्डवाली बारीक वायर वापरली होती. हात लावला तर चांगलीच तापलेली. एलव्हीमधून त्या वेळी 26 अँपिअर जात होते. जाड केबल, थिंबल आणि घट्ट नट लावल्यावर 82 वॉट मिळाले. फरक 14 वॉटचा, म्हणजे 14/26² = 0.02 ओहम. तेवढासा रेझिस्टन्स, पण एचव्हीकडे नेताना चारपट होऊन 0.08 ओहम झाला आणि वाइंडिंगच्या माथी बसला.

आता ओसी टेस्ट. एचव्ही उघडी असल्याने करंट नाममात्र, कॉपर लॉस एक दशांश वॉटही नाही. म्हणून 40 वॉट सगळे कोअर लॉस धरायचे.

```
cosφ0 = 40 / (115 × 1.1) = 0.316
Iw = 40 / 115            = 0.348 A
Im = √(1.1² − 0.348²)    = 1.044 A
R0 = 115 / 0.348         = 330.6 Ω
X0 = 115 / 1.044         = 110.2 Ω
```

ही मूल्यं एलव्ही बाजूची आहेत, कारण मीटर तिथे होते. K = 115/230 = 0.5, म्हणून एचव्हीकडे नेताना K² ने भागायचं, म्हणजे 4 ने गुणायचं:

```
R0 (एचव्ही) = 1322 Ω
X0 (एचव्ही) = 441 Ω
```

पडताळा सोपा आहे: 230²/1322 पुन्हा 40 वॉटच देतो. मुलं 4 ने भागतात तेव्हा 640 वॉट येतात, आणि 3 केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरला 640 वॉट कोअर लॉस पाहूनही कुणी थबकत नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

एससी टेस्टमध्ये लागलेला व्होल्टेज रेटेडच्या साडेचार टक्केही नाही. त्यामुळे कोअर लॉस जवळपास नाहीच. 82 वॉट हे कॉपर लॉस. डिमरस्टॅट शून्यावर आहे ना, हे इथे सप्लाय देण्याआधी बघायचंच. Z01 फक्त 0.785 ओहम आहे. चुकून पूर्ण 230 व्होल्ट बसले तर 293 अँपिअर जायला बघतील.

```
Z01 = 10.2 / 13             = 0.785 Ω
R01 = 82 / 13²              = 0.485 Ω
X01 = √(0.785² − 0.485²)    = 0.617 Ω
```

मीटर एचव्हीला होते, म्हणून ही मूल्यं आहेत तशीच वापरायची. परिपथ काढताना 230 व्होल्टच्या टोकांवर R0 आणि X0 समांतर, त्यांच्यापुढे R01 आणि X01 सिरीजमध्ये, आणि शेवटी लोड, तोही एचव्हीला आणलेला. समांतर शाखा इनपुटच्या टोकाशी सरकवली आहे, म्हणून याला सन्निकट परिपथ म्हणतात.

कार्यक्षमता. एचव्हीचा रेटेड करंट 3000/230 = 13.04 अँपिअर. टेस्ट 13 ला झाली, म्हणून पूर्ण लोडचा कॉपर लॉस 13.04² × 0.485 = 82.5 वॉट धरू. पाऊण लोडला तो वर्गाच्या प्रमाणात उतरतो:

```
आउटपुट    = 0.75 × 3000 × 0.8 = 1800 W
कॉपर लॉस  = 0.75² × 82.5      = 46.4 W
कोअर लॉस                      = 40 W
η = 1800 / 1886.4             = 95.4 %
```

पूर्ण लोडला याच पॉवर फॅक्टरला 95.1 टक्के येते. कमाल कार्यक्षमता √(40/82.5) = 0.696 लोडला, म्हणजे सुमारे 2.09 केव्हीएला. पाऊण लोड त्या शिखराच्या अगदी शेजारी आहे, आणि तिथे आलेख इतका सपाट असतो की 0.7 आणि 0.75 मधला फरक दुसऱ्या दशांशातच दिसतो.

रेग्युलेशन. पाऊण लोडचा करंट एचव्ही बाजूला 9.78 अँपिअर. 230 व्होल्ट म्हणजे लोडवरचे 115 व्होल्ट एचव्हीला आणलेले.

```
I·R01 = 4.75 V,   I·X01 = 6.03 V
ड्रॉप = 4.75 × 0.8 + 6.03 × 0.6 = 7.42 V
रेग्युलेशन = 7.42 / 230 = 3.23 %
```

म्हणजे लोडवर 115 हवे असतील तर एचव्हीला सुमारे 237.4 व्होल्ट द्यावे लागतील. पूर्ण फेजर बेरीज केली तरी 3.23 टक्केच, लॅगिंगला सन्निकट सूत्र पुरेसं आहे.

लीडिंगला मात्र जपून. 0.8 लीडिंगला तेच सूत्र 4.75 × 0.8 − 6.03 × 0.6 = 0.18 व्होल्ट, म्हणजे 0.08 टक्के सांगतं. पूर्ण बेरीज अशी:

```
√((230 + 0.18)² + (6.03×0.8 + 4.75×0.6)²) = 230.31 V
रेग्युलेशन = 0.31 / 230 = 0.13 %
```

समरेषेतला ड्रॉप संपत आला की काटकोनातल्या 7.67 व्होल्टचा वाटा उघडा पडतो. सूत्रानुसार शून्य रेग्युलेशन tanφ = R01/X01 ला, म्हणजे 0.786 लीडिंगला. आपण त्याच्या जवळच आहोत, म्हणून दोन उत्तरांत इतकी तफावत. परीक्षेत सन्निकट सूत्राचे गुण मिळतात. उत्तराशेजारी 'सन्निकट' लिहावं एवढीच माझी मागणी.

राहिलं तापमान. ही रीडिंग्ज सकाळी, 30 अंशाच्या थंड वाइंडिंगवर घेतली. चालू ट्रान्सफॉर्मरसाठी 75 अंश धरायची रूढी आहे. तांब्यासाठी गुणक (235 + 75)/(235 + 30) = 1.17, सगळा R01 वाइंडिंगचाच धरला तर तो 0.568 ओहम होतो, X01 तसाच राहतो. पाऊण लोडचा कॉपर लॉस 54.3 वॉट, कार्यक्षमता 95.0 टक्के, रेग्युलेशन 3.5 टक्के. जर्नलमध्ये दोन्ही ओळी लिहा आणि प्रत्येकीपुढे तापमान.